कडेला ग्लो मारला म्हणजे लाइट रॅप झाला, हे कुणी सांगितलं?

मोडनिंबमध्ये पुणे-सोलापूर हायवेच्या बाजूला लागलेला वाढदिवसाचा एखादा फ्लेक्स जरा निरखून बघा. मागं उजनीच्या पाण्यावर मावळणारा सूर्य, पुढं काळ्या शर्टातला उत्सवमूर्ती, आणि त्याच्या भोवती डोक्यापासून कोपरापर्यंत एकसारख्या जाडीची पांढरी कड. डिझायनरला विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘कटिंग उघडं दिसत होतं, म्हणून लाइट रॅप मारलाय.’ मारलेला असतो तो फोटोशॉपमधला Outer Glow. ही गल्लत मी इतक्यांदा ऐकली आहे की एकदा तिचा नीट समाचार घेणं भाग आहे.

Outer Glow कटआउटच्या बाहेर पडतो, म्हणजे माणसाकडून मागच्या दृश्यावर. लाइट रॅप नेमका उलटा: मागच्या उजेडातला थोडासा भाग माणसाच्या कडेवर, आतल्या बाजूला सांडतो. दिशाच उलटी आहे. Outer Glow लावल्यावर माणूस स्वतःच प्रकाश देतोय असं दिसतं, कॅलेंडरातल्या देवांच्या मागं तेजोवलय असतं तसं. उत्सवमूर्तीला ते आवडत असेल, पण त्यानं तो उजनीच्या काठावर उभा राहत नाही. उलट चिकटवलाय हे दुरून कळतं.

‘मग Inner Glow वापरतो, तो आत पडतो,’ असं म्हणणारेही भेटतात. दिशा बरोबर, बाकी सगळं चूक. Inner Glow ला आपण एक रंग देतो आणि तो सगळीकडे सारखा लागतो. खऱ्या दृश्यात खांद्यामागं नारिंगी आभाळ असतं, कमरेमागं गडद पाणी आणि एखाद्या बाजूला काळपट झाड. खांद्याची कड नारिंगी व्हायला हवी, कमरेची जवळजवळ आहे तशीच राहायला हवी आणि झाडाच्या बाजूला काहीच व्हायला नको. म्हणजे कडेचा रंग आणि जोर दोन्ही मागच्या चित्रातूनच यायला हवेत. आपण हातानं निवडायचं काही नसतं.

हे का होतं, तेही सांगतो; कारण कळलं की पुढच्या अर्ध्या चुका आपोआप थांबतात. मागं प्रखर उजेड असताना माणसाचा फोटो काढला की दोन गोष्टी घडतात. एक, लेन्सच्या काचांमध्ये थोडा उजेड विखुरतो आणि शेजारच्या अंधाऱ्या भागावर पसरतो. काचेवर बोटाचा ठसा किंवा धूळ असेल तर जास्तच. दोन, मागून आलेला उजेड कान, गाल, खांदा यांच्या गोलाईला घासून जातो. इतक्या तिरप्या कोनात साधं कापडसुद्धा बरंच परावर्तन करतं आणि केस, कापडाचे तंतू त्या उजेडात चमकतात. स्टुडिओत निळ्या किंवा हिरव्या पडद्यापुढं काढलेल्या फोटोत मागं हे आभाळ नव्हतंच, त्यामुळं कडेवर त्याची खूणही नाही. ती खूण नंतर टाकणं, एवढंच लाइट रॅपचं काम. खात्री हवी असेल तर गडद कपड्यातल्या माणसाला संध्याकाळी सूर्याकडं पाठ करून उभं करा, मोबाइलवर फोटो काढा आणि खांद्याची कड मोठी करून बघा. काळं कापड कडेजवळ काळं राहत नाही.

सिनेमाच्या व्हीएफएक्समध्ये ही नेहमीची पायरी आहे. न्यूक या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये LightWrap नावाचा वेगळा नोडच आहे आणि त्याला पुढचं व मागचं अशी दोन्ही चित्रं जोडावी लागतात. मागचं चित्र दिल्याशिवाय काम होत नाही, यातच ग्लोवाल्यांचं उत्तर आलं. फायनल कट प्रोच्या Keyer मध्येही Light Wrap चा वेगळा भाग आहे. स्टीव्ह राइट यांच्या डिजिटल कंपोझिटिंगवरच्या पुस्तकात या तंत्राची कृती दिलेली आहे. ज्यांना माझ्यावर विश्वास नाही त्यांनी तिथं पाहावं.

फोटोशॉपमध्ये तयार बटण नाही, पण कृती छोटी आहे. समजा १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स ७२ रिझोल्युशनला करतोय. फाइल ८६४० बाय ६९१२ पिक्सेलची होते आणि त्यात माणूस साधारण ५००० पिक्सेल उंच आहे. आधी माणसाची जागा आणि आकार कायम करा. मग मागच्या चित्राची कॉपी करून ती माणसाच्या लेअरच्या वर न्या. Ctrl दाबून माणसाच्या मास्कवर क्लिक करा (मास्क नसेल तर लेअरच्या छोट्या चित्रावर), म्हणजे त्याच्या आकाराचं सिलेक्शन येईल. या कॉपीत तेवढ्या आकारात काळा रंग भरा आणि सिलेक्शन काढून टाका. आता ही कॉपी म्हणजे मधोमध माणसाच्या आकाराचं काळं भोक असलेलं आभाळ झालं. त्यावर Gaussian Blur मारा, रेडियस २५. आभाळाचा रंग भोकात आतपर्यंत पाझरतो. शेवटी Create Clipping Mask करून ही लेअर खालच्या माणसाला बांधा, मोड Screen ठेवा आणि ओपॅसिटी ४० टक्क्यांच्या आसपास आणा.

काळं भोक कशासाठी? अनेक जण ही पायरी गाळतात आणि आख्खं मागचं चित्र ब्लर करून वर टाकतात. मग डोक्याच्या बरोबर मागं झाकला गेलेला सूर्य कपाळावर उमटतो. कॅमेऱ्याला जो सूर्य दिसत नाही तो लेन्समध्ये विखुरणार कसा? शिवाय Screen मोडमध्ये काळ्याचा परिणाम शून्य असतो, त्यामुळं छातीचा, चेहऱ्याचा मधला भाग आपोआप जसाच्या तसा राहतो. वेगळा मास्क रंगवत बसावं लागत नाही.

आता एका जागेचा हिशेब करून बघू. खांद्यामागच्या आभाळात लाल २४० आणि निळा ६० आहे. ब्लर झाल्यावर अगदी कडेवर त्याचं निम्मं उरतं, म्हणजे १२० आणि ३०. शर्ट काळा, लाल-निळा दोन्ही ३०. Screen चं सूत्र असं:

```
255 - (255 - a) × (255 - b) / 255
```

लाल होतो सुमारे १३६, आणि ४० टक्के ओपॅसिटीनं प्रत्यक्षात ७२. निळा त्याच हिशेबानं जेमतेम ४१. लाल ४२ नं चढला, निळा ११ नं. म्हणूनच कड पांढरी न होता नारिंगी होते. आता त्याच जागी पुढाऱ्याचा पांढरा शर्ट धरा, लाल २३०. तो पोचतो २३५ ला, म्हणजे पाचच अंक. पांढऱ्या शर्टावर लाइट रॅप दिसत नाही म्हणून ओपॅसिटी १०० करणारे खूप आहेत. तसं केलं की शर्ट तसाच राहतो आणि वरचे काळे केस मात्र तपकिरी होऊन पेटतात. पांढऱ्यावर परिणाम कमी होणं हाच बरोबर परिणाम आहे, ते सोडून द्या.

रेडियसबद्दलही बोललं पाहिजे. २५ चा ब्लर साधारण ५० पिक्सेलपर्यंत आत जाणवतो, म्हणजे छापलेल्या फ्लेक्सवर सुमारे पाऊण इंच. तोच आकडा मोबाइलवर पाठवायच्या १०८० पिक्सेलच्या पोस्टला लावला तर उजेड निम्म्या चेहऱ्यावर चढेल. तिथं ४ ते ६ पुरे. माणसाच्या उंचीच्या अर्धा टक्का हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे. आभाळ फारच प्रखर असेल तर मी त्याच कृतीची दुसरी लेअर करतो, रेडियस चार-पाचपट आणि ओपॅसिटी १० टक्के. तेवढ्यानं आकृती हवेत मिसळते.

जमलं की नाही हे ओळखायला लेअरचा डोळा चालू-बंद करा. बंद केल्यावर माणूस चिकटवल्यासारखा वाटला आणि चालू केल्यावर नेमकं काय बदललं ते पटकन सांगता आलं नाही, तर काम बरोबर झालं. चालू असताना रेघ दिसत असेल तर जास्त झालंय. आणि कृती झाल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, ‘दादांना जरा डावीकडं घ्या,’ तर माणूस सरकवून भागत नाही. काळं भोक जुन्याच जागी राहतं आणि एका खांद्यावर भलताच उजेड येतो. लेअर नव्यानं करा.

बाकीचे समज थोडक्यात निपटू.

फेदर म्हणजे लाइट रॅप नव्हे. फेदरनं कड पारदर्शक होते, माणसाचा थोडा भाग चक्क पुसला जातो. लाइट रॅपमध्ये कड जागेवर राहते, फक्त उजळते.

लाइट रॅपनं वाईट कटिंग झाकलं जातं, हेही खोटं. हिरव्या पडद्याची झाक कडेला राहिली असेल तर तिच्यावर नारिंगी उजेड पडून मळकट पिवळी किनार तयार होते. आधी हिरवा काढा. पांढऱ्या पडद्याची किनार असेल तर मास्क लागू करून Defringe एक-दोन पिक्सेलनं चालवा, मग पुढचं.

प्रत्येक फोटोला लाइट रॅप लागतोच असंही नाही. मागं विठ्ठलाच्या गाभाऱ्यासारखं अंधारं दृश्य असेल तर सांडायला उजेडच नाही.

उजेडाची दिशाही त्यानं बदलत नाही. चेहऱ्यावर डावीकडून कडक ऊन आणि नाकाची सावली उजवीकडं, मागं सूर्यही उजवीकडं, असा फोटो कितीही रॅप केला तरी बसणार नाही. तो फोटोच बदलायला हवा.

आणि ही सगळी कृती RGB मध्ये करा, लेअर एकत्र करा, त्यानंतरच CMYK मध्ये न्या. लेअर तशाच ठेवून रूपांतर केलं तर Screen चा हिशेब बदलतो आणि छापून आलेली कड स्क्रीनवर पाहिलेल्या कडेशी जुळत नाही.

गिऱ्हाईकानं ‘ग्लो पाहिजेच’ म्हटलं तर खुशाल द्या, पैसे तो देतोय. फक्त त्याला लाइट रॅप म्हणू नका, आणि दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना तसं शिकवू नका.