बिल्डर पत्रांना उत्तर देत नाही तेव्हा

ताब्याची तारीख उलटून वर्ष झालं, तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. महाराष्ट्रात हजारो फ्लॅटधारक या पायरीवर अडकून बसतात आणि चौथं पत्र लिहायला घेतात. खरं तर इथे पत्रव्यवहार थांबवून महारेराकडे तक्रार करायला हवी. मात्र आधीची पत्रं वाया जात नाहीत. तक्रारीचा पुरावा त्यांतूनच उभा राहतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्याजवळ एका कुटुंबाने 60 लाखांचा फ्लॅट घेतला. नोंदणीकृत करारनाम्यात ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2023 आहे. तोवर 48 लाख भरून झाले होते. पुढे काम रेंगाळलं आणि बिल्डर गप्प बसला. रेरा कायद्याचं कलम 18 अशा वेळी ग्राहकाला दोन वाटा देतं. एक म्हणजे प्रकल्पातून बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह परत मागायचे. दुसरी म्हणजे फ्लॅट ठेवायचा आणि ताबा मिळेपर्यंत दर महिन्याच्या उशिराचं व्याज घ्यायचं. महाराष्ट्राच्या नियमांत हा दर स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरपेक्षा दोन टक्के जास्त ठरवला आहे. तो 11 टक्के धरला, तर 48 लाखांवर महिन्याला 44 हजार रुपये होतात. दीड वर्षाच्या उशिराचे जवळपास आठ लाख.

इथे बिल्डरचा पहिला बचाव ठरलेला असतो: महारेराच्या संकेतस्थळावर आमच्या प्रकल्पाची मुदत 2026 पर्यंत आहे, मग उशीर कुठला? ती तारीख बिल्डरने स्वतः नोंदवलेली असते. उशीर मोजायचा तो तुमच्या करारनाम्यातल्या तारखेपासून. मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. दुसरा बचाव असतो तो ग्राहकानेच हप्ते थकवल्याचा. त्यावर पावत्या आणि बँकेचं खातेपत्रक हेच उत्तर.

म्हणून पत्र कसं लिहिलंय याला महत्त्व येतं. ‘कृपया ताबा कधी मिळेल ते कळवावे’ एवढंच लिहिलेलं पत्र विचारणा ठरते, मागणी ठरत नाही. करारनाम्याची तारीख, ताब्याचं कलम, भरलेली रक्कम आणि आपल्याला काय हवं, व्याज की परतावा, हे चारही मुद्दे पत्रात असावेत. करारनाम्यात बिल्डरचा जो पत्ता आणि ई-मेल दिला असेल, त्यावरच ते पाठवावं. स्पीड पोस्टची पावती आणि पोहोचल्याची नोंद जपून ठेवावी. लिफाफा ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आला, तर तो न उघडता फाईलला लावावा. ग्राहकाने कळवलं होतं आणि बिल्डरने घेतलं नाही, हे त्या बंद लिफाफ्यावरून दिसतं.

तक्रार ऑनलाइन करता येते आणि शुल्क पाच हजार रुपये आहे. वकील नेमणं सक्तीचं नाही. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, करारनामा, पावत्या आणि तारीखवार लावलेली पत्रं जोडायची. बिल्डर कंपनीबरोबर जमीनमालकही प्रवर्तक म्हणून नोंदलेला असेल, तर त्यालाही प्रतिवादी करावं. सर्वांत महत्त्वाचा रकाना मागणीचा. व्याज हवं की परतावा, हे तिथे निःसंदिग्ध लिहा, कारण दोन्ही एकदम मिळत नाहीत.

तक्रार दाखल झाली की बिल्डर बऱ्याचदा जागा होतो आणि ‘चाव्या घेऊन जा’ असा निरोप येतो. भोगवटा प्रमाणपत्र आलं आहे का, हे तेव्हा आधी विचारा. ते नसताना इंटिरिअरसाठी दिलेला ताबा कायदेशीर ताबा नव्हे. सोबत सहीसाठी येणाऱ्या कागदात ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असं वाक्य असेल, तर सही करू नका. ताब्याची नवी तारीख मान्य करणाऱ्या पुरवणी करारनाम्याबाबतही हीच सावधगिरी हवी, कारण त्या सहीने जुन्या उशिराचं व्याज हातचं जाऊ शकतं.

निकाल बाजूने लागला म्हणजे पैसे लगेच मिळतील असं नाही, हेही आधीच माहीत असावं. कायद्यात तक्रारीसाठी 60 दिवसांचं उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो. बिल्डर अपिलात गेला, तर आदेशातली रक्कम त्याला आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर महारेराकडे वसुली वॉरंटसाठी अर्ज करायचा. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली सुरू होते. बिल्डरची जप्त करण्याजोगी मालमत्ता कुठे आहे, ही माहिती तहसील कार्यालयाला दिलीत तर काम पुढे सरकतं. कंपनी दिवाळखोरीत गेली, तर मात्र हा रस्ता अवघड होतो. त्यामुळे वाट बघण्यात गेलेलं प्रत्येक वर्ष ग्राहकालाच महागात पडतं.

तेव्हा आणखी एक स्मरणपत्र लिहिण्याआधी करारनामा काढा आणि ताब्याचं कलम वाचा. ती तारीख उलटली असेल आणि मागणीचं पत्र पोहोचलेलं असेल, तर बिल्डरच्या उत्तराची वाट न पाहता तक्रार दाखल करा.