‘ग्राहक’ कोणाला म्हणावे? सदोष उपकरण आणि घरचा पाहुणा

मराठीतील ‘ग्राहक’ हा शब्द ‘ग्रह्’ म्हणजे घेणे या धातूपासून आलेला आहे. बाजारात ज्याला आपण गिऱ्हाईक म्हणतो, तो त्याच कुळातला. पैसे मोजून वस्तू घेतो तो ग्राहक, असा या शब्दाचा रूढ अर्थ असल्यामुळे, ज्याने वस्तू घेतली नाही तो ग्राहक नव्हे, असे मराठी वाचकाला सहजच वाटते. हिंदीत त्याच कायद्याच्या नावात ‘उपभोक्ता’ हा शब्द योजलेला आहे. तेथे भर घेण्यावर नसून उपभोगण्यावर आहे. एरवी हा भेद केवळ कोशकारांच्या आस्थेचा ठरला असता. परंतु घरी आलेल्या पाहुण्याला घरातील सदोष उपकरणाने इजा झाली म्हणजे त्याची भरपाई नेमकी याच भेदावर अवलंबून राहते. पाहुण्याने उपकरण विकत घेतलेले नसते, दुकानदाराने त्याला पाहिलेले नसते, आणि पावतीवर नाव असते ते यजमानाचे.

जुन्या इंग्रजी कायद्याची भूमिका मराठी शब्दाच्या रूढ अर्थाशी जुळणारी होती. करारातून निर्माण होणारी जबाबदारी करार करणाऱ्यांपुरतीच, असे तेथे मानले जाई. १८४२ सालच्या विंटरबॉटम विरुद्ध राइट या खटल्यात टपालगाडी मोडून जखमी झालेल्या गाडीवानाला भरपाई नाकारली गेली. गाडी पुरविण्याचा व तिची निगा राखण्याचा करार टपालखात्याशी झालेला होता, गाडीवानाशी नव्हे, हे त्याचे कारण. ही भिंत ज्या खटल्याने फोडली त्यातील फिर्यादी बाई योगायोगाने पाहुणीच होती. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधील पेझली गावातील एका उपाहारगृहात श्रीमती डोनोह्यू यांच्या मैत्रिणीने त्यांच्यासाठी जिंजर बिअरची बाटली मागविली. बाटली गडद काचेची होती. अर्धे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असे त्यांचे म्हणणे होते. पैसे मैत्रिणीने दिले होते, त्यामुळे श्रीमती डोनोह्यू यांचा कोणाशीच करार नव्हता. तरीही १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निर्णय दिला, की वस्तू अखेर ज्याच्या हाती पोहोचणार त्याच्याविषयी काळजी घेण्याचे कर्तव्य उत्पादकावर असते. मात्र या मार्गाने जाणाऱ्याला उत्पादकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि कारखान्याच्या चार भिंतींआड काय घडले हे बाहेरच्या माणसाने सिद्ध करणे सोपे नसते.

भारतात या प्रश्नाचे उत्तर आता मुख्यतः ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यात शोधावे लागते. त्यातील उत्पादन-दायित्वाचे प्रकरण २० जुलै २०२० पासून अमलात आले. अधिनियमाच्या कलम २(७) मधील ‘ग्राहक’ या संज्ञेच्या व्याख्येची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. व्याख्येचा पहिला भाग मर्यादा घालणारा आहे : ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू विकत घेणारी व्यक्ती. दुसरा भाग विस्तार करणारा आहे : विकत घेणाऱ्याच्या संमतीने त्या वस्तूचा वापर करणारी अन्य व्यक्तीही ग्राहकातच समाविष्ट होते. हा विस्तार १९८६ च्या आधीच्या अधिनियमातही होता. म्हणजे कायद्याने मराठी नावात ‘ग्राहक’ हा शब्द ठेवला, परंतु व्याख्येत त्याला उपभोक्त्याचा अर्थ दिला. पाहुण्याचा हक्क या दुसऱ्या भागातील ‘वापर’ आणि ‘संमती’ या दोन शब्दांवर उभा आहे.

संमतीविषयी फारशी अडचण येऊ नये. संमती लेखी किंवा स्पष्ट शब्दांतच असावी असे कायदा म्हणत नाही. पाहुण्याच्या हाती टॉवेल देऊन न्हाणीघर दाखविणे यातच गीझर वापरण्याची संमती आली, असे म्हणण्यास कोणतीच हरकत दिसत नाही. खरी कठीणता ‘वापर’ या शब्दात आहे. न्हाणीघरात गीझर सुरू करणारा पाहुणा वापर करतो, यात शंका नाही. परंतु स्वयंपाकघराच्या दारात बोलत उभ्या असलेल्या पाहुणीला कुकर फुटून इजा झाली, तर तिने कुकरचा वापर केला असे म्हणता येईल काय? तिच्यासाठी शिजत असलेल्या अन्नाच्या द्वारे तिने वापर केला, हा युक्तिवाद शक्य असला तरी शब्द ताणणारा आहे. अमेरिकेच्या एकरूप व्यापारसंहितेत या ठिकाणी अधिक सावध शब्दयोजना आढळते. तिच्या एका पर्यायात खरेदीदाराच्या घरातील पाहुण्याचा नावानिशी उल्लेख आहे, आणि वस्तू वापरणाऱ्याबरोबरच वस्तूचा परिणाम ज्याच्यावर होण्याची वाजवी अपेक्षा आहे अशा व्यक्तीलाही संरक्षण दिलेले आहे. भारतीय अधिनियमात असा उल्लेख नाही. उत्पादन-दायित्वाची व्याख्या ‘ग्राहका’ला झालेल्या हानीविषयी बोलते, तर त्यासंबंधीच्या कारवाईची व्याख्या केवळ ‘व्यक्ती’ने केलेल्या तक्रारीविषयी. दाराशी उभ्या असलेल्या पाहुणीच्या वतीने या विसंगतीचा आधार घेता येईल. तो मान्य न झाल्यास तिला दिवाणी न्यायालयात जाऊन, श्रीमती डोनोह्यू यांच्याप्रमाणे, निष्काळजीपणाच्या आधारे दावा करावा लागेल.

हे सूत्र एका कल्पित उदाहरणात लावून पाहू. समजा, गणेशचतुर्थीसाठी मुंबईहून एक चाकरमानी मालवणजवळच्या आपल्या मामाच्या घरी आला आहे. मामाने महिन्यापूर्वी मालवणच्या बाजारातून आठ हजार रुपयांना पंधरा लिटरचा गीझर घेतला आहे. सकाळी स्नान करताना भाच्याचा हात नळाला लागतो, विजेचा तीव्र धक्का बसतो, आणि तो पडून त्याचे मनगट मोडते. भाचा व्याख्येच्या दुसऱ्या भागानुसार ग्राहक ठरतो. त्याला मामाविरुद्ध तक्रार करावी लागत नाही. आपल्याकडील नात्यांचा विचार करता ही गोष्ट लहान नव्हे, कारण आतिथ्य करणाऱ्यालाच आयोगापुढे खेचावे लागले असते तर बहुतेक पाहुण्यांनी दुखणे मुकाट्याने सोसले असते. भाच्याची तक्रार सरळ उत्पादकाविरुद्ध असते. कलम ८४ अन्वये उत्पादनातील दोष, रचनेतील दोष, ठरविलेल्या विनिर्देशांपासून झालेली च्युती, किंवा पुरेशा सूचनांचा अभाव यांपैकी काहीही सिद्ध झाल्यास उत्पादक उत्तरदायी होतो. त्याचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. गीझरची स्वतःची किंमत मात्र या भरपाईत येत नाही. ती मामाची स्वतंत्र तक्रार होय.

उत्पादकाचा बचाव काय असेल, हे आधीच सांगता येते : दोष गीझरचा नसून घरातील अर्थिंगचा आहे. हा बचाव पोकळ नाही. गीझरच्या टाकीत धातूच्या नळीमध्ये तापणारी तार असते, आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते. नळीला चीर पडली किंवा तोंडाशी असलेले सील निकामी झाले की ओल भुकटीत शिरते आणि वीज टाकीत व पाण्यात उतरते. अर्थिंग सुस्थितीत असेल तर ही वीज बव्हंशी जमिनीत जाते, आणि प्रवाह मोठा असल्यास फ्यूज उडतो. अर्थिंग तुटलेले असेल तर टाकी व नळ जिवंत तारेसारखे होतात. मालवण किनाऱ्यावर खाऱ्या हवेने तारांचे सांधे लवकर गंजतात आणि जांभ्याच्या कातळात अर्थिंगची जोडणी चांगली बसत नाही. तेव्हा घरातील अर्थिंग सदोष असण्याचा संभव येथे खरोखरच आहे.

म्हणून दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात. उपकरण घराच्या वायरिंगपासून सोडवून त्याच्या विजेच्या टोकांत व धातूच्या अंगात ५०० व्होल्ट दाबाखाली किती रोध आहे, हे मेगर नावाच्या यंत्राने पाहतात. सुस्थितीतील उपकरणात हा रोध मेगओममध्ये भरतो, तर चीर गेलेल्या उपकरणात तो शून्याकडे झुकतो. दुसरी मोजणी घरातील अर्थिंगची. उपकरणाचा रोध ढासळलेला असेल तर अर्थिंग वाईट असूनही मूळ दोष उपकरणातच ठरतो, कारण निर्दोष गीझरने अर्थिंग नसतानाही असा तीव्र धक्का दिला नसता. उलट उपकरण निर्दोष आणि गळती घरच्या वायरिंगमध्ये असे आढळल्यास उत्पादकाविरुद्धची तक्रार तेथेच संपते. गीझर दुकानाच्या माणसाने बसविला असेल आणि जोडणीत वाजवी काळजी घेतली नसेल, तर कलम ८६ अन्वये विक्रेत्यालाही जाब विचारता येतो. मात्र वायरमनने नंतर जोडणीत फेरफार केला असेल, तर कलम ८७ मधील अपवादाचा लाभ विक्रेत्याला मिळू शकतो.

अशी तक्रार प्रत्यक्षात बहुधा येथेच फसते. अपघातानंतर यजमान घाबरून गीझर काढून टाकतो, मिस्त्रीकडून तापणारी नळी बदलून घेतो किंवा उपकरण भंगारात देतो. तसे झाले की मोजण्यासारखे काही उरतच नाही. कलम ३८ अन्वये आयोग वस्तू मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, परंतु त्यासाठी वस्तू शिल्लक असावी लागते. पाहुण्याचा हक्क कायद्याने यजमानापासून स्वतंत्र केला असला, तरी पावती, हमीपत्र आणि उपकरण हा सगळा पुरावा यजमानाच्या घरातच असतो. वीज बंद करून उपकरण आहे त्या स्थितीत ठेवणे आणि डॉक्टरांच्या कागदात इजेचे कारण लिहवून घेणे, या दोन गोष्टी त्याच दिवशी व्हाव्या लागतात.

तक्रार मामाच्या जिल्ह्यातच करावी असे नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो तेथील आयोगापुढेही ती करता येते. म्हणजे भाचा ती सिंधुदुर्ग जिल्हा आयोगाकडे ओरोसला किंवा मुंबईत आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाखल करू शकतो. आयोगाचा अधिकार वस्तूसाठी दिलेल्या मोबदल्यावरून ठरतो, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे. तेव्हा आठ हजारांच्या गीझरविषयीची तक्रार, मागणी कितीही मोठी असली तरी, जिल्हा आयोगाकडेच जाईल. मुदत दोन वर्षांची आहे.

मालवण किनाऱ्यावर ‘पाहुणा’ या शब्दालाही आता दुसरा अर्थ आलेला आहे. घरगुती निवासात पैसे देऊन उतरणाऱ्या पर्यटकालाही पाहुणाच म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो निराळा. तो मोबदला देऊन सेवा घेतो, म्हणून यजमानाच्या सेवेचा तो स्वतःच थेट ग्राहक होतो आणि सेवेतील उणिवेबद्दल यजमानालाच उत्तर द्यावे लागते. त्याच वेळी यजमानाने गीझर व्यापारी कारणासाठी घेतला असे ठरल्यास, वस्तूचा संमतीने वापर करणारा म्हणून उत्पादकाविरुद्ध जाण्याचा पर्यटकाचा मार्ग वादग्रस्त होतो, कारण व्यापारी कारणासाठी वस्तू घेणाऱ्याला व्याख्येतून वगळलेले आहे. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू तेवढी या वगळण्याला अपवाद आहे. एकाच न्हाणीघरात, एकाच गीझरने, भाच्याला आणि पर्यटकाला सारखीच इजा झाली तरी दोघांच्या तक्रारींचे प्रतिपक्ष वेगळे होऊ शकतात. ‘पाहुणा’ हा शब्द हा फरक झाकून टाकतो, जसा ‘ग्राहक’ हा शब्द भाच्याचा हक्क झाकून टाकतो. दोन्ही ठिकाणी विचारावयाचा प्रश्न एकच : मोबदला कोणी दिला आणि वापर कोणाच्या संमतीने झाला?