वाकड्या तळ्याचं क्षेत्रफळ

तळ्याची एक बाजू सरळ बांधाची आणि समोरचा काठ वेडावाकडा, असं समजा. बांधाची लांबी 30 मीटर. त्यावर दर 5 मीटरला खुंटी ठोकायची आणि प्रत्येक खुंटीपासून बांधाशी काटकोनात समोरच्या काठापर्यंत टेप ताणायची. टेप तिरकी गेली किंवा मधे झोळ पडला, तर अंतर खोटंच वाढतं. म्हणून काटकोन 3-4-5 च्या दोरीने आधी पक्का करावा.

मापं आली 0, 9, 14, 16, 15, 10, 0 मीटर.

समलंब नियम शेजारच्या दोन मापांची टोकं सरळ रेषेने जोडतो. पहिल्या-शेवटच्या मापांची निम्मी बेरीज, इथे शून्य, अधिक मधल्यांची 64. गुणिले 5, म्हणजे 320 चौरस मीटर. काठ बाहेर फुगलेला असेल तर ही रेषा आतून जाते आणि उत्तर कमी भरतं.

सिम्प्सनचा अन्वस्त नियम सलग तीन टोकांतून वक्र नेतो. दुसरं, चौथं, सहावं माप चौपट (140), तिसरं-पाचवं दुप्पट (58), टोकांची मापं एकपट, बेरीज 198. तिला 5 ने गुणून 3 ने भागलं की 330. या तळ्यासाठी मी हेच उत्तर धरेन. मात्र या नियमाला भाग सम संख्येने लागतात; एक भाग उरलाच तर तेवढा समलंब नियमाने मोजावा.

दोन खुंट्यांमधे काठाला खाच असेल, तर ती दोन्ही नियमांना दिसत नाही. तिथे, आणि काठ एकदम वळतो त्या टोकांशी, खुंट्या जवळ घ्याव्यात आणि तो तुकडा वेगळा मोजावा.