‘टॅट सांगितला’

रात्री अकराला शिफ्ट बदलते तेव्हा कॉल सेंटरच्या मजल्यावर दहा मिनिटं नुसती घाई असते. खाली कॅब थांबलेली असते, लॉगआउट करायचं असतं आणि शेवटच्या कॉलची नोंद लिहायची राहिलेली असते. मी एका बँकेच्या हेल्पलाइनवर आधी एजंट होते, नंतर टीम लीडर झाले. त्या दहा मिनिटांत लिहिलेल्या नोंदी दुसऱ्या दिवशी वाचणं हे माझं रोजचं काम होतं. त्यांत सगळ्यात जास्त वेळा दिसणारं वाक्य होतं, ‘ग्राहकाला टॅट सांगितला’. टॅट म्हणजे काम किती दिवसांत होईल ती मुदत. या दोन शब्दांनी किती घोळ होतो, ते एका उदाहरणातून सांगते.

एका बाईंनी शुक्रवारी, ६ जून २०२५ला बियाण्यांच्या दुकानात यूपीआयने ४,८५० रुपये दिले. खात्यातून पैसे गेले, पण दुकानदाराकडे जमा झाल्याचा संदेश आला नाही. पेरणीची घाई असल्याने बाईंनी तेवढीच रक्कम रोख दिली आणि बियाणं घरी नेलं. रविवारी, ८ जूनला रात्री १० वाजून ४० मिनिटांनी त्यांनी हेल्पलाइनला फोन केला. एजंटने नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली आणि लिहिलं : ‘यूपीआय फेल. टॅट सांगितला. ग्राहक चिडलेला. उद्या कॉलबॅक.’

सोमवारी सकाळच्या एजंटपुढे हे तिकीट येतं. टॅट सांगितला, पण कोणता? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यातून दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसात परत यायला हवेत. व्यापाऱ्याला दिलेल्या पैशांची पुष्टी त्याच्याकडे पोचली नसेल, तर ही मुदत पाच दिवसांची आहे. मुदत उलटल्यावर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची असते. गावातले कितीतरी दुकानदार स्वतःच्या बचत खात्याचाच क्यूआर कोड गल्ल्याजवळ चिकटवतात. म्हणजे बाईंचे पैसे व्यापारी खात्याकडे निघाले असतील, तर मुदत ११ जूनपर्यंत आहे. वैयक्तिक खात्याकडे निघाले असतील, तर ती ७ जूनलाच संपली आणि भरपाई सुरू झाली. रविवारच्या एजंटच्या स्क्रीनवर खात्याचा प्रकार दिसत होता. नोंदीत मात्र तो उतरला नाही.

आता या नोंदीचे वाचक दोन आहेत. सकाळचा एजंट हा एक. अलीकडे बऱ्याच ठिकाणी त्याच्या बाजूला एआयची खिडकीही उघडी असते. तिच्यात नोंद टाकली की ग्राहकाला पाठवायच्या संदेशाचा मसुदा मिळतो. ही खिडकी दर वेळी कोरी सुरू होते. रविवारी रात्री याच प्रकरणावर तिच्यात काम झालं असलं, तरी नव्या सत्राला त्यातलं काही ठाऊक नसतं. जे आत टाकलं तेवढंच तिच्यापुढे असतं.

माणसाला नोंद अपुरी वाटली तर तो अडखळतो. शेजारच्याला विचारतो, कॉलचं रेकॉर्डिंग ऐकतो, निदान ग्राहकाला पुन्हा विचारतो. कोऱ्या सत्राचं असं अडखळणं भरवशाचं नसतं. ‘टॅट सांगितला’ एवढ्यावरूनही गुळगुळीत मसुदा तयार होतो आणि त्यात ‘पाच ते सात कामकाजाचे दिवस’ असं काहीतरी सहज येऊन बसतं. वाचायला ते बरोबर वाटतं, कारण अशा पत्रांमध्ये ते नेहमीच असतं. आमच्या प्रकरणात परिपत्रकातला टी प्लस पाच कॅलेंडरच्या तारखेने मोजायचा आहे, कामकाजाच्या दिवसांनी नाही. म्हणजे बाईंच्या हाती चुकीचं लेखी आश्वासन पडणार.

‘यूपीआय फेल’ हे तर त्याहून वाईट. स्क्रीनवर व्यवहार ‘पेंडिंग’ होता. फेल हा एजंटने काढलेला निष्कर्ष. पेंडिंग व्यवहार पुढे पूर्णही होऊ शकतो. तसं झालं तर दुकानदाराला रोख आणि यूपीआय असे दोन्ही पैसे मिळतील आणि बाईंना परतावा दुकानदाराकडे मागावा लागेल. दिसलं काय आणि आपल्याला वाटलं काय, हे नोंदीत वेगळं लिहिणं म्हणूनच गरजेचं आहे. ‘उद्या’ हा शब्दही तसाच फसवा. रविवारी लिहिलेला ‘उद्या’ मंगळवारी वाचला की बुधवार होतो.

त्या रात्री हीच नोंद अशी लिहिता आली असती :

‘६ जून २०२५, यूपीआय, ४,८५० रुपये. १२ आकडी संदर्भ क्रमांक तिकिटात आहे. ८ जून, रात्री १०.४०ला स्क्रीनवर स्थिती : पेंडिंग. पैसे घेणारं खातं : वैयक्तिक (स्क्रीनवर पाहिलं). म्हणून मुदत ७ जूनला संपली. दुकानदाराला पैसे मिळाले नाहीत, असं ग्राहक सांगतात. आपण पडताळलेलं नाही. ग्राहकाने तीच रक्कम रोख दिली आहे. मी कॉलमध्ये पाच दिवस सांगितले, ते चुकीचं होतं. दुरुस्त करून सांगावं. ९ जूनला दुपारी १२ च्या आत फोन करायचं कबूल केलं आहे. पुढचं काम : स्थिती पुन्हा पाहणं, पेंडिंगच असेल तर परतावा आणि भरपाईसाठी बॅक ऑफिसला पाठवणं. भरपाईबद्दल ग्राहकाशी अजून बोललेलो नाही.’

लिहायला दोन-तीन मिनिटं लागतात. कॉलनंतरच्या कामाचा वेळ सेकंदांत मोजणाऱ्या सेंटरमध्ये ती मिळत नाहीत, हे मी जाणते. त्यासाठी एजंटला बोल लावणं मला कधीच पटलं नाही. शिफ्टच्या शेवटी उघड्या राहिलेल्या तिकिटांसाठी तो वेळ टीम लीडरने मोकळा करून द्यायला हवा.

नोंदीतलं ‘मी चुकीचं सांगितलं’ हे वाक्य लिहायला सगळ्यात जड जातं आणि उपयोगी तेच सगळ्यात जास्त पडतं. काही जण नोंद टाळून तिन्ही कॉलचा पूर्ण मजकूर खिडकीत ओततात. त्यात एकाने एक दिवस सांगितलेला असतो, दुसऱ्याने पाच. त्यातलं आज खरं कोणतं, हे त्या मजकुरात कुठेच लिहिलेलं नसतं. ते ज्याने प्रकरण हाताळलं त्यालाच लिहावं लागतं. आणि मजकुरासोबत ग्राहकाने बोलण्याच्या ओघात सांगितलेला कार्ड क्रमांक किंवा ओटीपीही आत जातो. तो नोंदीत नको आणि खिडकीत तर मुळीच नको. खात्याचे शेवटचे चार आकडे पुरतात.

मसुदा आला की मी टीमला एकच काम लावत असे. त्यातल्या प्रत्येक तारखेवर, रकमेवर आणि आश्वासनावर बोट ठेवा आणि ते नोंदीतल्या कोणत्या ओळीतून आलं ते दाखवा. ओळ सापडली नाही तर तो भाग काढा. तसंच नोंद लिहून झाल्यावर, प्रकरण माहीत नसलेल्या सहकाऱ्याला ती वाचायला द्या आणि पहिलं काम काय करशील, विचारा. तो ‘ग्राहकाला फोन करून काय झालं ते विचारीन’ म्हणाला, तर नोंद पुन्हा लिहायची.

तुम्ही कधी फोनच्या या टोकाला असाल, तर ठेवण्याआधी एजंटला एक विनंती जरूर करा : ‘नोंदीत काय लिहिलंत, तेवढं वाचून दाखवा.’ तारीख, रक्कम आणि पुढचा फोन कधी, हे त्यात ऐकू आलं नाही, तर तिथेच लिहून घ्यायला सांगा.