ओळ आपली, पत्ता कशाला?

जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि फोनवर नव्या गणवेशातली मुलं दिसू लागतात. त्या फोटोंखाली आयांनी, बाबांनी हौसेनं लिहिलेलं असतं. नमुन्यादाखल अशी एक ओळ मीच रचली आहे: ‘आमचा अर्णव आज पहिलीत! सकाळी सात दहाची बस, दुपारी साडेबाराला गेटवर आजी. आम्ही दोघंही ऑफिसात, पण जीव कोथरूडच्या शाळेत.’

यातला शब्द न् शब्द मायेचा आहे. पण अनोळखी माणसाला त्यातून मुलाचं नाव, भाग, बसची वेळ, घ्यायला येणारी व्यक्ती आणि आईबाबा दिवसभर घरी नसतात हेही कळतं. नावाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ‘अर्णव, आजीला बरं नाही, तिनं मला पाठवलंय,’ असं कुणी म्हटलं तर सहा वर्षांचं मूल विश्वास ठेवतं, कारण आपलं नाव आणि आजी ठाऊक असलेला माणूस त्याला परका वाटत नाही.

म्हणून ओळ टाकण्यापूर्वी एकच गोष्ट तपासावी: हे वाचून कुणी उद्या ठरल्या वेळी ठरल्या जागी येऊन उभा राहू शकेल का? होऊन गेलेल्या घटनेपेक्षा रोज घडणाऱ्या गोष्टीत धोका जास्त असतो. ‘काल पाऊस झाला आणि आम्ही भिजलो’ यात काही बिघडत नाही. ‘दर मंगळवारी सहाला पोहायला’ यात बिघडतं.

आता तीच ओळ पुन्हा लिहू: ‘रात्री दोनदा दप्तर रिकामं करून पुन्हा भरलं. सकाळी माझा हात सोडून आत गेला, मागे वळूनही पाहिलं नाही. मी मात्र बराच वेळ तिथेच उभी होते.’ नाव, वेळ, जागा सगळं गेलं, तरी ओळ पहिल्यापेक्षा जास्त आपली झाली. बसची वेळ शाळेच्या वेळापत्रकातही असते. दप्तर दोनदा भरलं गेलं, हे फक्त त्या आईला माहीत असतं. लिहिताना अशीच गोष्ट शोधावी: एखादी लकब, मुलाच्या तोंडचं वाक्य, डब्यातला पदार्थ. ती सापडली की तपशिलांची गरज उरत नाही.

नातेवाइकांच्या नावांचंही तसंच. आपल्याकडे मुलाचं पूर्ण नाव लिहिलं की वडिलांचं नाव आणि आडनाव आपोआप येतं. त्यात मामाला आडनावासकट टॅग केलं की आईचं माहेरचं आडनावही उघड होतं, आणि खात्याच्या सुरक्षेसाठी तेच विचारण्याची जुनी पद्धत आहे. डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. ‘आज पाच वर्षांची झाली’ या ओळीत नावही असेल, तर दोन्ही हाती लागतात. ‘धाकटी’, ‘आजी’, ‘मामा’ एवढ्यावर भागतं, आणि घरातल्यांना कोण ते कळतंच.

ओळ नीट असली तरी फोटो बोलतो. शाळेचं बोधचिन्ह, गळ्यातलं ओळखपत्र, बसचा क्रमांक, मागची सोसायटीची पाटी हे सगळं कापून टाकावं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर कॅमेऱ्यानं नोंदवलेलं ठिकाण सोबत जाऊ शकतं. नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवावा.

प्रवासाचं मात्र वेगळं. दापोलीला गेलात तर दापोली लिहायला हरकत नाही, फक्त परत आल्यावर लिहा. गावाचं नाव सहसा निरुपद्रवी असतं. ‘रविवारपर्यंत इथेच’ हे शब्द घर बंद असल्याचं सांगतात.

आणि मग प्रतिक्रिया येतात. आपण नाव गाळलेलं असतं आणि मावशी प्रेमानं लिहिते, ‘अगं, अर्णव किती मोठा झाला! शनिवारी नाशिकला येताय ना?’ तिला सर्वांसमोर टोकू नये. प्रतिक्रिया काढावी आणि फोन करून सांगावं, ‘मावशी, त्याचं नाव तिथे नको गं.’ ती ऐकते.

खातं खासगी आहे, फक्त ओळखीचेच पाहतात, यावर फार विसंबू नये. स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवायला क्षणभर पुरतो. शिवाय एकेका ओळीत थोडंच असतं, पण वर्षभराच्या ओळी जोडल्या की घराचं पूर्ण वेळापत्रक तयार होतं. तेव्हा सवडीनं आपल्या खात्यावरच्या मागच्या ओळी परक्याच्या नजरेनं सलग वाचून काढा. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर जुनी ओळ बदलता येते, जोडलेलं ठिकाणही काढता येतं. सुरुवात मुलांच्या फोटोंपासून करा.