भांडणातला 'ब्रेक' आणि परतायची वेळ

समजा, ठाण्यात दोन खोल्यांच्या घरात राहणारं एक जोडपं आहे. लग्नाला सहा वर्षं झालेली. सततच्या कटकटीला कंटाळून दोघांनी ठरवलं होतं, की यापुढे भांडताना शिवीगाळ करायची नाही आणि डोकं तापलं की ब्रेक घ्यायचा. शनिवारी रात्री पैशांचा विषय निघाला. "मला न विचारता गावी वीस हजार पाठवलेस?" असं तिनं विचारलं. तो म्हणाला, "तू अगदी तुझ्या आईवर गेलीस. पै-पैचा हिशोब!" ती म्हणाली, "आणि तू भित्रा. भावाला नाही म्हणायची हिंमत नाही." त्यानं चपला घातल्या, खाली उतरला, साडेअकराला आला आणि झोपला.

नियम कोणी मोडला? त्याच्या मते त्यानं शिवी दिली नाही आणि ब्रेकही घेतला. तिच्या मते आईचा उद्धार ही शिवीच होती आणि ब्रेकच्या नावाखाली तो पळून गेला. नियम ठरले होते, पण त्यांचा अर्थ प्रत्येकानं आपापल्या सोयीनं लावला. बहुतेक घरांत असे नियम इथेच कोसळतात.

आधी ब्रेकचं पाहू. जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात, की वादात नाडीचे ठोके मिनिटाला साधारण 100च्या वर गेले, की माणसाला समोरच्याचं म्हणणं नीट ऐकूच येत नाही. शरीर शांत व्हायला किमान 20 मिनिटं लागतात. त्यांच्या प्रयोगशाळेत एकदा भांडणारी जोडपी मध्येच थांबवली गेली. यंत्रात बिघाड झाल्याचं सांगून त्यांना अर्धा तास नुसती मासिकं वाचायला दिली. विषय पुन्हा सुरू झाला तेव्हा ठोके उतरले होते आणि बोलणंही सुधारलं होतं.

इथे मासिकाला महत्त्व आहे. तो अर्धा तास 'आता गेल्यावर तिला कसं ऐकवतो' याची जुळवाजुळव करण्यात घालवला, तर ठोके उतरत नाहीत. गच्चीवर फेरी, भांडी घासणं, जुनी गाणी असं काहीही चालेल. भांडणाची उजळणी तेवढी नको, आणि बहिणीला फोन करून तक्रारही नको.

म्हणून नियम नुसता 'ब्रेक घ्यायचा' एवढाच ठेवून भागत नाही. ब्रेक मागणाऱ्यानं स्वतःबद्दल बोलावं. "तू आधी शांत हो" म्हणण्याऐवजी "माझं डोकं तापलंय, दहा वाजता बोलू" म्हणावं. दुसऱ्यानं मागे जायचं नाही, दारामागून बोलायचं नाही. दहा वाजता विषय पुन्हा काढायची जबाबदारी मात्र ब्रेक मागणाऱ्याची. या शेवटच्या अटीमुळे मागे राहिलेल्याला धीर धरता येतो. माणूस परत येईल याची खात्री नसली, की तो पाठलाग करतो आणि पहिला आणखी लांब पळतो.

शब्दांचा नियमही असाच नेमका हवा. 'टाकून बोलायचं नाही' हे फार मोघम झालं. एखाद्या शांत रविवारी दोघांनी आपल्याला जिव्हारी लागणारे चार-पाच शब्द किंवा वाक्यं स्वतः लिहून द्यावीत. 'आईवर गेलीस' तिच्या यादीत येईल, 'भित्रा' त्याच्या. यादीवर वाद घालायचा नाही. 'यात लागण्यासारखं काय आहे' हा प्रश्नच बाद.

आता पाळण्याचं. सुरुवातीला नियम मोडणारच. तेव्हा "बघ, मोडलास!" हे नवं हत्यार होतं. त्यापेक्षा ज्याच्या तोंडून शब्द गेला त्यानं "हे नको होतं, परत सांगतो" म्हणून तेच वाक्य पुन्हा बोलावं. पहारा प्रत्येकानं स्वतःवरच ठेवायचा. दोन आठवड्यांनी एकदा बसून पाहावं, की ब्रेक किती झाले आणि त्यातल्या किती वेळा विषय खरंच पुन्हा निघाला. ब्रेक बरेच आणि परतणं शून्य असेल, तर तो ब्रेक नाही, टाळाटाळ आहे.

पुढच्या शनिवारी तोच विषय निघाला. "तू तुझ्या..." म्हणून तो थांबला आणि म्हणाला, "परत सांगतो. हिशोब विचारलास की मला चोर ठरवल्यासारखं वाटतं." तरी आवाज चढलाच. साडेनऊला तो गच्चीवर गेला, दहाला परतला आणि त्यानंच विषय काढला. पाच हजारांच्या वर काही पाठवायचं तर आधी एकमेकांना सांगायचं, एवढं ठरलं. भावाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

जिथे हात उगारला जातो किंवा एकाला दुसऱ्याची भीती वाटते, तिथे हे नियम लागू नाहीत. तो प्रश्न भांडणाच्या पद्धतीचा नसून सुरक्षिततेचा आहे. अशा स्त्रीसाठी 2005चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आणि 181 ही महिला हेल्पलाइन आहे. बाकीच्यांनी एकाच गोष्टीपासून सुरुवात करावी: पुढच्या वेळी उठून जाताना परतायची वेळ सांगावी, आणि त्या वेळेला यावं.