आठ तासांची ड्युटी, आठवड्याचे छप्पन्न तास

मर्चंट नेव्हीतल्या मुलाला घरच्यांनी ‘रोजची ड्युटी किती?’ असं विचारलं, की ‘आठ तास’ असं उत्तर येतं. उत्तर खरं आहे, पण अर्धंच. जहाजावर आठ तास सलग नसतात आणि आठवड्याला रविवारही नसतो.

समुद्रात चालतं जहाज क्षणभरही वाऱ्यावर सोडता येत नाही. म्हणून ब्रिजवरचा पहारा, म्हणजे वॉच, तिघांत वाटला जातो. प्रत्येकाने चार तास उभं राहायचं, आठ तास मोकळं व्हायचं आणि मग पुन्हा चार तास. बहुतेक जहाजांवर ८ ते १२ थर्ड ऑफिसर, १२ ते ४ सेकंड ऑफिसर आणि ४ ते ८ चीफ ऑफिसर, दिवसाही आणि रात्रीही. वेळा ठरलेल्या असल्याने काही दिवसांत शरीराला त्यांची सवय होते. दोनच अधिकारी असलेल्या छोट्या जहाजांवर मात्र बहुधा सहा तास काम, सहा तास सुट्टी असं चालतं. तिथे दिवसाचे बारा आणि आठवड्याचे ८४ तास होतात.

तिघांच्या पद्धतीत आठ गुणिले सात, म्हणजे ५६ तास. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात साधा आठवडा आठ तासांचे सहा दिवस, म्हणजे ४८ तासांचा धरला आहे, त्यामुळे वरचे आठ तास ओव्हरटाइम. पण हा हिशोब फक्त वॉचचा झाला. सेकंड ऑफिसरला पुढच्या सफरीचा मार्ग आखायचा असतो, थर्ड ऑफिसरला लाइफबोटी आणि आग विझवण्याची साधनं तपासायची असतात, तर चीफ ऑफिसरवर माल आणि डेकची जबाबदारी असते. त्यासाठी रोज दोन तास धरले, तरी आठवडा ७० तासांवर जातो.

करारात मर्यादा दोन प्रकारे दिलेली आहे आणि त्यातली एक देशाने निवडायची असते. एक तर काम २४ तासांत १४ आणि सात दिवसांत ७२ तासांपेक्षा जास्त नको. किंवा विश्रांती २४ तासांत किमान १० आणि सात दिवसांत किमान ७७ तास हवी. आठवड्याच्या १६८ तासांतून ७७ वजा केले, की उरतात ९१. म्हणजे दुसरी मर्यादा निवडलेल्या देशाच्या जहाजावर ९१ तास काम करून घेतलं, तरी तेवढ्यापुरता नियम मोडत नाही.

आणखी एक अट आहे, आणि माझ्या मते झोपेची खरी राखण तीच करते. ही दहा तासांची विश्रांती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत नको आणि त्यातला एक तुकडा किमान सहा तासांचा हवा. समजा, जहाज पहाटे बंदराला लागतंय. सेकंड ऑफिसरने रात्री १२ ते ४ वॉच केला. सहाला त्याला दोर बांधायला बोलावलं, तो नऊला सुटला. दुपारी १२ ते ४ पुन्हा वॉच आणि त्यानंतर सहापर्यंत नकाशांचं काम. एकूण काम १३ तास आणि विश्रांती ११ तास, म्हणजे बेरीज नियमात बसली. पण ही विश्रांती दोन, तीन आणि सहा तासांच्या तीन तुकड्यांत झाली. मोठे दोन तुकडे मिळून नऊच तास भरतात, म्हणून नेहमीच्या नियमाने हा दिवस चुकलेला आहे. आणि पहाटेच्या त्या दोन तासांत त्याला झोप किती लागली असेल?

याचं मोल ३ एप्रिल २०१० रोजी ऑस्ट्रेलियात दिसलं. ‘शेन नेंग १’ हे चिनी जहाज ग्लॅडस्टोन बंदरातून कोळसा भरून निघालं. दुपारी चारला चीफ ऑफिसर वॉचवर आला आणि पाचच्या सुमाराला जहाज ग्रेट बॅरियर रीफमधल्या डग्लस शोलवर चढलं. वळायची जागा आली, तरी त्याने वेळेवर जहाजाची जागा तपासली नव्हती. तो वॉचवर येऊन जेमतेम तास झाला होता. पण बंदरात माल भरण्यावर देखरेख करताना त्याची झोप मोडली होती. आधीच्या साडेअडतीस तासांत तो फक्त अडीच तास झोपला होता, असं ऑस्ट्रेलियाच्या चौकशीत निघालं. चार तासांचा वॉच इथे दोषी नव्हता. त्याच्या आधीचे आठ तास हिरावले गेले होते.

म्हणून जहाजावर जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला सांगणं एवढंच, की कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांची नोंद खरी ठेवा. त्या नोंदीवर कॅप्टनबरोबर तुमचीही सही असते आणि तिची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. नियमात बसवण्यासाठी घडवलेल्या तासांवर सही करू नका. आणि घरच्यांनी फोनवर ड्युटी किती हे विचारण्यापेक्षा सलग झोप किती झाली, हे विचारावं.